डायपर लीक होत नव्हता, तरी आजींना जखम झाली

अकरा वर्षं झाली मला घरी जाऊन नर्सिंग करायला, नाशिकमध्येच. ड्रेसिंग, कॅथेटर, राइल्स ट्यूब हे रोजचंच. पण गेल्या महिन्यातली एक केस डोक्यातून जात नाहीये, त्यात माझीही चूक आहे, म्हणून लिहितेय.

आजी ७८ वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलेलं, हार्टमुळे ऑपरेशन नको म्हणाले, पाच महिने पलंगावर. एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन, "सिस्टर, आईंना डायपरचा रॅश आलाय, फोटो पाठवलाय, काय लावू?" फोटोत मांड्यांच्या आतून आणि मागे लाल दिसत होतं. मी म्हटलं झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा, सोमवारी येते बघायला.

सोमवारी गेले तर माकडहाडावर झिंकचा पांढरा जाड थर होता. झिंक कधी घासून काढायचं नाही, खालची कातडी सोलते. मी कापसाला खोबरेल तेल लावून हळूहळू ते काढलं आणि खाली दोन रुपयाच्या नाण्याएवढा जांभळट डाग, मधोमध वरची कातडी गेलेली. बाजूच्या लालीवर बोट दाबलं की पांढरं पडायचं आणि सोडलं की परत लाल व्हायचं, पण डागाच्या कडेला कितीही दाबलं तरी रंग हलत नव्हता. हात लावला तर तिथे गरम आणि कडक. म्हणजे मांड्यांमधला तो लघवीने झालेला रॅश आणि माकडहाडावरचा दाबाने झालेला बेडसोअर, दोन वेगळ्या गोष्टी एकाच फोटोत होत्या आणि मी दोन्हीला एकच क्रीम सांगितलं होतं. सावळ्या कातडीवर हे फोटोत कळतच नाही, हे मला माहीत असूनही. आणि त्याच क्रीमने तीन दिवस तो डाग झाकून ठेवला.

सूनबाई रडायलाच लागल्या. "अहो पण हल्ली एकदाही लीक झालं नाही, चादर रोज कोरडी असते, सगळ्यात महागाचा आणलाय." मी विचारलं रात्री कसं करता? तर रात्री साडेनऊला दोन डायपर, एकावर एक, आणि सकाळी साडेसहाला काढायचे. पाकिटावर लिहिलंय ना रात्रभर चालतो म्हणून. दोन घालायचा सल्ला मेडिकलवाल्याने दिलेला. हे लोक कंबर न मोजता, पेशंट न बघता नुसतं "तब्येत कशी आहे" विचारून साइज देतात याचा मला फार राग येतो. आजी बारीक, त्यांना एक्सएल दिलेला, जांघेत बोटभर फट. म्हणून तर आधी लीक व्हायचं आणि म्हणून मग दोन घालायला लागले. कंबर आणि नितंब दोन्हीकडे टेप लावायची आणि जो आकडा मोठा त्यावर साइज घ्यायची, एवढंच असतं खरंतर.

मी त्यांना स्वयंपाकघरातला वजनकाटा आणायला लावला. कोरडा डायपर ११५ ग्रॅम. सकाळी काढलेले दोन्ही पिशवीत होते, आतला भरला ९८० आणि बाहेरचा ११८! एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली धरायचं, म्हणजे रात्रीची साडेआठशे मिली लघवी एकट्या आतल्याने घेतलेली आणि बाहेरचा कोरडाच. तसंच होणार, कारण डायपरच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिक असतं, त्यातून पलीकडे काही जातच नाही. बाहेरच्याने फक्त उष्णता कोंडली. काही जण मग आतल्याला कात्रीने चिरा देतात, ते तर अजून वाईट, आतली जेल बाहेर येऊन अंगाला चिकटते. जास्तीचं शोषायला काही घालायचंच असेल तर मागे प्लॅस्टिक नसलेला पॅड मिळतो, तो आत ठेवायचा.

साडेआठशे मिली पिऊन फुगलेली जेल म्हणजे ओला, गरम गोळा असतो आणि तो पूर्ण रात्र आजींच्या माकडहाडाखाली होता. बाई उताणी झोपलेली असली की लघवी मागे वाहते, त्यामुळे गोळाही नेमका तिथेच बनतो. त्यात भाड्याने आणलेली एअर गादी होती, छान, पण तिच्यावर रबरशीट, घडी घातलेली चादर, अंडरपॅड आणि वर दोन डायपर. गादीचा फायदा आजींपर्यंत पोचणार कसा? पाकिटावरचा आकडा डायपर किती पाणी धरतो ते सांगतो. कातडी किती तास सहन करेल ते त्यावर नसतं.

मग प्रश्न पडला की रात्री एवढी लघवी का. गोळ्यांचा डबा बघितला तर पायाच्या सुजेची, लघवी होण्याची गोळी सकाळी एक आणि रात्री जेवणानंतर एक. पाच महिने! हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर १-०-१ लिहिलेलं, घरच्यांनी इमानदारीत पाळलं, ती रात्री दिली की काय होतं हे कोणी सांगितलंच नाही. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, त्यांनी दुसरी गोळी दुपारी दोनला आणली. जखमेचंही सांगितलं, फोम ड्रेसिंग लावायचं ठरलं. ड्रेसिंगच्या जागी क्रीम अजिबात नाही, मग ड्रेसिंग चिकटतच नाही. चार दिवसांनी रात्रीचं एकूण वजन पुन्हा करायला लावलं तर साडेचारशे मिलीवर आलेलं.

आता टेपवाला एकच डायपर, मीडियम, मागच्या बाजूने थोडा वर ओढून. पँटवाला बंद, कारण तो चढवताना कातडी घासते आणि मोडलेला पाय उचलावा लागतो. रात्री दहा, दोन आणि सहाला बदलायचा, शी झाली तर त्याच मिनिटाला, लघवी आणि शी एकत्र आली की कातडी फार लवकर खराब होते. कोमट पाण्याने पुसून टिपून कोरडं करायचं, अँटिसेप्टिक नाही, पावडर नाही. मांड्यांना झिंक, पण पातळ, खालची कातडी दिसेल इतकंच, जाड थर डायपरला लागला की तो शोषतच नाही. दर दोन तासांनी पाठीमागे उशी देऊन थोडं कुशीवर. गादीवर एकच सुती चादर, घडी न घालता, आणि एक अंडरपॅड. दुपारी तासभर नुसतं अंडरपॅडवर, डायपर उघडा.

रात्रीच्या मावशींना मी दोनदा दाखवलं. ब्युरोवाले बारा तासांची ड्युटी लावतात पण डायपर कसा बदलायचा हे कोणी शिकवत नाही, बिचाऱ्या हात धरून ओढतात आणि त्यातच कातडी सोलते. चादरीसकट कुशीवर वळवायचं, हे त्यांनी लगेच उचललं.

आज चोवीस दिवस झाले, मांड्या पूर्ण बऱ्या आहेत. जखम भरत आलीये, डाग फिका झालाय, अजून गेला नाहीये. पण आजी मला काल म्हणाल्या, "रात्री दोनला उठवू नका गं मला, मग झोपच लागत नाही." यावर माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. डायपरचं वजन अजून कमी झालं तर दोनचं बदलणं बंद करून फक्त कुशी वळवू, असं सूनबाईंशी बोलले. आठवडाभर रोज सकाळी काट्यावर ठेवून वहीत लिहायला सांगितलंय.

काल दुसऱ्या एका घरून फोटो आला, "सिस्टर, रॅश आहे का?" मी क्रीम सांगितलं नाही. म्हटलं आधी काही लावलं असेल तर तेलाने काढा, बोट दाबून व्हिडिओ पाठवा, मी संध्याकाळी येतेच.