तीन रकान्यांत न मावलेलं लेणं

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना अजिंठ्याला नेताना मी वहीत तीन रकाने आखून आणायला सांगते: वास्तू, शिल्प, चित्र. दिसेल ते ज्या त्या रकान्यात लिहायचं. यंदा पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरून अर्धा तासही झाला नसेल, तोच एका मुलीने वही माझ्यापुढे धरली. "मॅडम, हे खांब कुठे लिहू?"

प्रश्न बरोबर जागी आला होता. सकाळी मी मुद्दाम आधी 24 क्रमांकाचं अपुरं लेणं दाखवलं होतं. तिथे काम मध्येच थांबल्यामुळे कारागिरांची पद्धत उघडी पडली आहे. आधी छताच्या पातळीला आत शिरायचं, मग खाली उतरत जायचं. बोळासारख्या वाटा खोदायच्या आणि मधल्या भिंती नंतर फोडायच्या. खांब उभे करायचे नसतात, ते शिल्लक ठेवायचे असतात. म्हणजे मंडप कोरायला घेण्याआधी खांब कुठे, दार कुठे, मूर्तीसाठी दगड कुठे राखायचा, हे ठरलेलं हवं. जास्त कापलेला दगड परत लावता येत नाही.

पहिल्या लेण्याच्या मंडपात असे 20 खांब आहेत. ते नुसते शोभेचे नाहीत, एवढा रुंद मंडप मध्ये आधार न ठेवता खोदणं धोक्याचं असतं. चौथ्या लेण्यात काम चालू असताना छताचा सदोष दगड निखळला, तो पुरावा तिथे जाऊन पाहता येतो. तेव्हा खांब वास्तूच्या रकान्यात. पण एका स्तंभशीर्षावर चार हरणं आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे पाहा, ते डोकं त्याचंच वाटतं. मग शिल्पाचा रकाना. आणि कोरीव कामाच्या खोबणींत गिलाव्याचे, रंगाचे अवशेष शोधायला लावले तेव्हा तिसराही रकाना भरला. आज दिसणारा काळा दगड हे या शिल्पांचं अंतिम रूप नव्हतं, त्यांवरही पातळ गिलावा आणि रंग होता.

"मग भिंत तरी गुळगुळीत का केली नाही?" एकाने विचारलं. मी त्याला गिलावा निखळलेल्या जागेच्या कडेशी नेलं. हात मागे बांधून, कारण त्या कडा बोट लागलं तरी सुटतात. तिथे भिंत उभी चिरल्यासारखी दिसते. तळाशी छिन्नीच्या खाचा असलेला खडबडीत बेसॉल्ट, त्यावर तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेला जाड मातीचा थर, मग बारीक मातीचा, आणि वर अगदी पातळ पांढरा लेप. खाचा मुद्दाम तशाच ठेवलेल्या, म्हणजे माती धरून राहते. रंग कोरड्या पृष्ठभागावर, डिंक-सरसासारख्या बंधकात कालवून लावलेला. ओल्या चुन्यावरच्या फ्रेस्कोसारखा तो भिंतीत मुरत नाही, म्हणून इथे गिलावा सुटला की चित्रही जातं. पेपरात 'अजिंठ्याचे फ्रेस्को' असं लिहिलेलं मी दरवर्षी खोडते.

तेवढ्यात वीज गेली. डोळे सरावल्यावर मुलांच्या लक्षात आलं की उजेड दारं-खिडक्यांतून आधी जमिनीवर पडतो आणि तिथून छताकडे उसळतो. छतावर लहान लहान चौकटी रंगवल्या आहेत, लाकडी छताच्या तुळया असाव्यात तशा. एकसंध खडकाला तुळया लागत नाहीत. कोरायच्याऐवजी त्या रंगाने बांधल्या आहेत. हा कुठला रकाना, असं आता कुणी विचारलं नाही.

दिवे आल्यावर मागच्या भिंतीपाशी गेलो. पद्मपाणी बोधिसत्त्व सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेला, पण तिथे त्याच्या शेजारचं दार कापलेलं असतं. प्रत्यक्षात तो अंतराळाच्या, म्हणजे गर्भगृहापुढच्या छोट्या दालनाच्या, दाराच्या डावीकडे आहे, उजवीकडे दुसरा बोधिसत्त्व, आणि मधून थेट गर्भगृहातला दगडी बुद्ध दिसतो. द्वारपालांची जागा चित्रांना दिली आहे. अंतराळात डाव्या भिंतीवर मारविजय, म्हणजे ध्यानस्थ गौतमाला ढळवायला आलेल्या माराचा पराभव, रंगवला आहे, उजवीकडे श्रावस्तीचा चमत्कार. त्यापुढे बुद्ध धर्मचक्र मुद्रेत, आसनाच्या पट्टीवर चक्र आणि हरणं. मारावर विजय मिळवून बोधी, त्यानंतर सारनाथचं पहिलं प्रवचन: कथेचा आधीचा भाग रंगात आहे, पुढचा दगडात, आणि एकातून दुसऱ्यात माणसाला नेते ती दाराची रचना. वाकाटक हरिषेणाच्या काळात, 5व्या शतकाच्या उत्तरार्धात, हे कुणी आखलं त्याचं नाव नाही. पण मूर्तीचा दगड राखणाऱ्याला मारविजयाची भिंत कुठे येणार हे बहुधा ठाऊक होतं, असं माझं मत.

त्या मुलीने रकाने खोडून मंडपाचा आराखडा काढला आणि सगळ्या नोंदी जागच्या जागी लिहिल्या. यंदा गृहपाठ तसाच मागितला. दोघांनी पद्मपाणी दाराच्या उजवीकडे दाखवला, त्यांना आराखडा पुन्हा काढायला लावला.