टणक आणि मऊ

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्यातील आमच्या रोपवाटिकेत एक काकू पोनीटेल पामच्या दोन कुंड्या घेऊन आल्या. एका झाडाचा फुगीर बुंधा सुरकुतला होता, तर दुसऱ्याचा गुळगुळीत आणि भरलेला दिसत होता. पानांची टोके मात्र दोन्ही झाडांची तपकिरी झाली होती. काकूंना सुरकुतलेल्या झाडाची काळजी होती.

मी दोन्ही बुंधे अंगठ्याने दाबून पाहिले. सुरकुतलेला बुंधा लाकडासारखा टणक लागला. गुळगुळीत बुंध्यात मात्र मातीलगत अंगठा रुतला आणि आंबूस वास आला. ज्या झाडाची काळजी नव्हती, तेच सडत होते.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. हे झाड शोभेच्या, भोक नसलेल्या चिनीमातीच्या कुंडीत ठेवले होते. मे महिन्यात टोके वाळल्यावर काकूंनी एक दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली आणि पावसाळ्यातही तोच क्रम चालू ठेवला. मुळे कुजली की ती पाणी वर चढवू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतही टोके तहानल्यासारखी वाळतात आणि माणूस आणखी पाणी घालतो. खरे तर हे झाड पूर्व मेक्सिकोच्या कोरड्या जंगलातले आहे. लांबलेल्या कोरड्या दिवसांसाठी पाणी साठवून ठेवणे हेच त्याच्या बुंध्याचे काम. बुंधा मोठा म्हणून त्याला पाणीही जास्त लागते, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते.

मी झाड उपटून माती झटकली, काळी मुळे छाटली आणि स्पिरिटने पुसलेल्या चाकूने बुंध्याचा मऊ भाग कापत गेलो, तो टणक, फिकट गर लागेपर्यंत. सड मध्यापर्यंत पोहोचलेली असती तर झाड वाचवता आले नसते; येथे ती एका कडेला होती. जखमेवर बुरशीनाशकाची पूड लावून झाड आठ दिवस सावलीत तसेच ठेवले. मग बुंध्यापेक्षा जेमतेम मोठ्या, तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग माती घालून, पूर्वीइतक्याच खोलीवर लावले. पहिले पाणी आणखी पंधरा दिवसांनी दिले.

सुरकुतलेल्या झाडाला त्याच दिवशी कुंडीच्या भोकातून वाहून जाईल इतके पाणी दिले. त्याची टोके उन्हाळ्यातील तहानेने वाळली होती. ती पुन्हा हिरवी होत नाहीत, म्हणून मी फक्त तपकिरी भाग तिरका कापला.

काकूंना सांगितले, "काकू, दिवस मोजू नका. काडी तळापर्यंत खुपसा, ती कोरडी निघाली तरच भरपूर पाणी द्या आणि थाळीत साचलेले ओतून टाका." आमच्याकडे उन्हाळ्यात असे साधारण दोन आठवड्यांनी होते, पावसाळ्यात आणि थंडीत महिना लागतो.

ऑक्टोबरमध्ये काकूंनी दोन्ही झाडे पुन्हा दाखवायला आणली. सुरकुत्या गेल्या होत्या. कापलेल्या झाडाच्या जखमेवर कोरडी खपली धरली होती आणि शेंड्यातून चार नवी पाने निघाली होती.