कोयरीचं टोक कुठे वळतं

ड्रेसचं ते चित्र माझ्याकडे आलं तेव्हा पाहताक्षणी आवडावं असंच होतं. ठसेकामाच्या साडीचा फोटो चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलला देऊन दुसऱ्या कुणीतरी ते तयार केलं होतं. साडी कापण्याआधी तिचा घेरदार ड्रेस कसा दिसेल, एवढंच साडीवाल्या ताईंना पाहायचं होतं. पण ज्यांनी ती साडी छापली होती ते कारागीर शेजारीच बसले होते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा माझा ठसा नाही." त्यांच्या कोयरीचं टोक डावीकडे वळतं आणि पोटातल्या फुलाला आठ पाकळ्या आहेत. चित्रात काही टोकं उजवीकडे वळली होती, पाकळ्या कुठे सहा तर कुठे नुसता ठिपका.

असं का होतं, ते हिशेबाने कळतं. चित्र 1024 पिक्सेल उंच होतं आणि त्यातली उभी व्यक्ती साधारण 900 पिक्सेलची. म्हणजे एका सेंटिमीटरला साडेपाच पिक्सेल. चार सेंटिमीटरची कोयरी जेमतेम 22 पिक्सेलमध्ये बसते. त्यात अशी बरीच मॉडेल्स चित्रावर थेट काम करत नाहीत. आधी ते प्रत्येक बाजूने आठपट लहान करून घेतात. त्या लहान रूपात कोयरीच्या वाट्याला तीनसुद्धा चौकटी येत नाहीत. तिथे आठ पाकळ्या मावणार कशा? साडीच्या फोटोतून मॉडेलला 'कोयऱ्यांची लाल साडी' एवढा अर्थ पोचतो, आणि कोयऱ्या ते आपल्या मनाने काढतं. सूचना कितीही बदलून लिहिल्या तरी यात फरक पडत नाही.

म्हणून मी काम दोन भागांत वाटलं. मॉडेलने फक्त कोऱ्या, फिकट राखाडी कापडाचा ड्रेस काढायचा आणि नक्षीला हात लावायचा नाही. कोऱ्या कापडात बारीक काही नसतं, त्यामुळे ते चित्र 4096 पिक्सेलपर्यंत वाढवलं तरी बिघडत नाही. आता एका सेंटिमीटरला 22 पिक्सेल मिळाले, कोयरीला 88.

साडीचा नवा फोटो टेबलावर सपाट पसरून घेतला, कारण अंगावरच्या साडीतून नक्षी सोडवत बसण्यात अर्थ नसतो. काठाची सरळ रेघ आणि ठशांचे कोपरे धरून कॅमेऱ्याचा तिरपेपणा काढला. मग फोटोची अगदी पुसट प्रत करून मूळ फोटोच्या प्रत्येक पिक्सेलला त्या प्रतीतल्या पिक्सेलने भागलं, म्हणजे खिडकीकडच्या बाजूचा उजळपणा गेला. तुकडा निवडताना एकच कोयरी घेऊन ती पुन्हा पुन्हा चिकटवली नाही. हाताने मारलेला प्रत्येक ठसा थोडा वेगळा उमटतो; कुठे रंग जास्त बसतो, कुठे सांधा किंचित चढतो. एकाच ठशाची आवृत्ती केली की कापड यंत्रावर छापल्यासारखं दिसतं. म्हणून अनेक ठसे मावतील असा मोठा तुकडा घेतला.

खरी मेहनत पुढे होती. चित्रातल्या ड्रेसचे पुढचा भाग, दोन बाह्या आणि घेर असे तुकडे वेगळे केले आणि प्रत्येकावर उभ्या-आडव्या धाग्याची जाळी बसवली. छाप लगेच टाकला नाही, आधी एक सेंटिमीटरचे काळे-पांढरे चौकोन टाकून पाहिले. ही परीक्षा मला फार मोलाची वाटते. विणलेलं कापड उभ्या-आडव्या धाग्यात जवळजवळ ताणत नाही. फोटोत ते वळलेलं, म्हणून आखूड दिसू शकतं, पण 22 पिक्सेलचा चौकोन 30 पिक्सेलचा झाला, तर तिथे जाळी हमखास चुकलेली असते. घेरात नेमकं तेच झालं होतं. चुण्यांवरून नक्षी रबरासारखी ओढली गेली होती. खऱ्या चुणीत कोयरी लांबत नाही. अर्धी आत दडते आणि पुढच्या घडीवर दुसरीच वर येते. घेराला कमरेच्या अडीचपट कापड धरून जाळीचा काही भाग घड्यांच्या आत ढकलला, तेव्हा चौकोन ताळ्यावर आले.

मग चौकोनांच्या जागी साडीचा तुकडा ठेवला आणि राखाडी ड्रेसच्या सावल्या त्यावर पिक्सेलच्या उजळपणाचा गुणाकार करून चढवल्या. कडा मिसळायला शेवटी मॉडेलचा हलका हात फिरवला, पण फक्त गळा, केस आणि बोटांपाशी. नक्षीवरून तो फिरवायचा नाही. काहीही बदलू नको म्हटलं, तरी चित्र लहान करून परत मोठं करण्यातच पाकळ्यांच्या कडा विरघळतात.

कमरेच्या दाट चुण्यांत नक्षी नीट वाचता येत नाही. ते तसंच राहू दिलं, कारण शिवलेल्या ड्रेसवरही ती तिथे वाचता येणार नाही. बाजूच्या शिवणीवर कोयऱ्या जुळत नव्हत्या, त्याही मुद्दाम जुळवल्या नाहीत.

कारागिरांनी चित्र मोठं करून पाकळ्या मोजल्या. मग ताईंना म्हणाले, "ताई, गळ्याच्या मध्यावर दोन रांगांमधली मोकळी जागा आलीय. तिथे कोयरीची रांग यायला हवी." पुढच्या भागाची जाळी अर्ध्या ठशाने सरकवून दिली, आणि कापताना कात्री कुठे लावायची त्याची खूण ताईंनी साडीवर खडूने करून घेतली.