दार उघडायच्या आत कट

"ट्रेलरमध्ये शेवटाकडचे शॉट वापरायचेच नाहीत, असं असतं का? मग गोष्ट न फोडता शॉट निवडता तरी कसे?"

शेवटाकडचे शॉट मी बिनदिक्कत वापरते. शॉट चित्रपटात कुठला आहे याने गोष्ट फुटत नाही, तो एखाद्या प्रश्नाचं उत्तर देतो तेव्हा फुटते. म्हणून पूर्ण चित्रपट बघताना प्रेक्षक कशासाठी बसून राहणार आहे ते आधी लिहून काढते आणि मग एकेक शॉट तपासते: हा प्रश्न उभा करतो की उत्तर देतो?

एका दोन तासांच्या चित्रपटात बहीण हरवलेल्या भावाला शोधत असते. शेवटी ती एका खोलीचं दार उघडते आणि तो समोर असतो. दिग्दर्शकांना ट्रेलरमध्ये तो शॉट हवाच होता, आणि त्यांचं बरोबर होतं. तिचा इतका ताणलेला चेहरा चित्रपटात दुसरीकडे कुठेच नाही. मी तो फ्रेम-फ्रेम पाहिला. हात कडीला लागतो, दार आत सरकतं, आणि १२ फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदात, तिच्या भुवया सैल पडतात. भाऊ दिसत नाही, तरी उत्तर कळतं. मी कडी सरकताच कट मारला आणि दार करकरल्याचा आवाज काळ्या पडद्यावर चालू ठेवला. त्यासाठी संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर मागून घ्यावे लागतात. नाहीतर दाराच्या आवाजाबरोबर तिथलं सुटकेचं संगीतही येतं आणि सगळं सांगून मोकळं होतं.

एकट्या शॉटपेक्षा दोन शॉट मिळून जास्त चुगली करतात. याच चित्रपटात मध्यंतराच्या सुमारास बहिणीच्या गाडीला अपघात होतो आणि ट्रेलरचा ताण तिथेच नेऊन सोडायचा होता. सुरुवातीसाठी मला आवडलेल्या एका शॉटमध्ये मात्र तिच्या कपाळावर पट्टी होती. पट्टी आधी दिसली असेल, तर गाडी उलटताना ती वाचणार हे माहीतच असतं. शॉट देखणा होता, तरी काढला. वाढलेली दाढी, हातातलं प्लॅस्टर, आधी भांडणारी माणसं नंतर एकत्र हसताना, हे सगळं असंच बोलतं. ते पकडायला मी ट्रेलर एकदा आवाज बंद करून बघते.

एक गोष्ट मी करत नाही. एका प्रसंगातलं वाक्य दुसऱ्या प्रसंगातल्या चेहऱ्याला जोडून चित्रपटात नसलेलं कथानक उभं करायचं नाही. त्याने रहस्य राहतं, पण तिकीट काढून आलेल्याची फसवणूक होते.

शेवटी चित्रपट न पाहिलेल्यांना ट्रेलर दाखवते. आवडला का, असं विचारत नाही. पुढे काय होईल ते सांगा, एवढंच म्हणते. कोणी शेवट ठामपणे सांगितला, तर कुठल्या शॉटमुळे वाटलं ते विचारते. बोट बहुतेक वेळा नेमक्या जागेवर पडतं. या वेळी एकाच्या मते भावाचा खून झाला होता, दुसरीच्या मते तो स्वतःच निघून गेला होता आणि तिसऱ्याचा संशय बहिणीवरच होता. तोच कट दिग्दर्शकांकडे पाठवला.