चकली अपडेट : चौथी खेप, आणि सकाळी डबा उघडल्यावर टक्कन आवाज

जमली एकदाची, सकाळपर्यंत मऊ न पडणारी चकली! म्हणजे काल रात्री जमलंय असं वाटलंच होतं, पण ते आधीच्या तिन्ही खेपांना पण रात्री वाटलंच होतं, चकलीचा खरा निकाल सकाळी लागतो. आज साडेसहाला दात घासायच्या आधी डबा उघडला, एक चकली मोडली आणि टक्कन आवाज आला. बायको आतून ओरडली की काय फोडलंस.

भाजणीचं पुराण मागच्या वेळी लिहून झालंय, पण या दिवाळीला पहिल्यांदाच करणारे बरेच जण प्रमाण मागत होते, वजनाचा काटा नाही घरी म्हणून, तर शब्दांतच देतो. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी जाडे पोहे, पाव वाटी धणे, दोन चमचे जिरे. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचे, मग सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, गार करायचं आणि गिरणीत बारीक दळून आणायचं. गिरणीवाल्या काकांना एवढंच सांगा की गव्हावर नको, तांदळाच्या नाहीतर डाळीच्या दळणावर घ्या.

उकडीला दोन वाट्या भाजणीला एक वाटी पाणी. पाण्यातच दोन पोह्याचे चमचे तेल, दीड छोटा चमचा तिखट, सव्वा छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, पाव चमचा हिंग, एक चमचा ओवा हातावर चोळून आणि दोन चमचे तीळ. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद, भाजणी घालून ढवळायची आणि झाकण ठेवून वीस मिनिटं विसरून जायचं. हे विसरणं महत्त्वाचंय कारण चकलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तांदूळ-डाळीचं पीठ गरम पाण्यात फुगून चिकट होतं त्यावरच सगळी चकली उभी असते. मग कोमट पाण्याचा हात लावत लावत मळायचं. किती पाणी ते भाजणीवर ठरतं, माझ्या भाजणीला वरून साधारण पाव वाटी लागलं, तुमचं वेगळं असू शकतं. सोऱ्यातून पाडताना तुटत असेल तर घट्ट झालंय, पाण्याचा हात लावा. काटे आडवे पडून गुळगुळीत दिसायला लागले तर सैल झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. बास, पीठ एवढंच.

आता मुद्द्याचं. मऊ पडणं.

पहिली खेप रात्री कुरकुरीत, सकाळी चामडं. मी म्हटलं मोहन कमी पडलं, कारण जो तो हेच सांगतो. म्हणून दुसऱ्या खेपेला दोनाचे चार चमचे तेल केलं, तर कढईत टाकलेली चकली काही सेकंदांत सुटी व्हायला लागली, काटे वेगळे, वेढे वेगळे, तळाशी सगळा चुरा. अनारसा हसतो म्हणतात ना, तशी माझी चकली खो खो हसली. तेल जास्त झालं की पीठ एकमेकांना धरतच नाही. त्या खेपेचा चुरा दह्यात घालून खाल्ला, छान लागतो, पण तो वेगळा विषय आहे.

तिसऱ्या खेपेला मोहन परत दोन चमचे आणि दोष सोऱ्याला दिला. ऑनलाइन मागवलेला स्टीलचा होता, चकतीच्या चांदणीला धारच नव्हती, काटे बोथट यायचे. तो ठेवून दिला आणि तुळशीबागेतून पितळी फिरवायचा आणला. जड आहे, महाग आहे, पण घट्ट पीठ सुद्धा आरामात उतरतं, दाबायच्या सोऱ्यावर मनगटं जायची माझी. काटे एकदम कडक आले. फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले. आणि सकाळी परत मऊ. म्हणजे पाच सहाशे रुपये काट्यांवर गेले, चकलीवर नाही.

मग मावशीला फोन केला. मी मोहन, सोऱ्या, भाजणी सगळं सांगत होतो, ती मधेच म्हणाली, "अरे पण काढलीस तेव्हा फेस बसला होता का?"

मी म्हटलं, "लाल झाली होती म्हणून काढली."

"लाल तर ती होणारच, तिखट घातलंयस ना? रंग कशाला बघतोस, फेस बघ."

इथे माझी ट्यूब पेटली. माझी भाजणी जरा जास्तच खमंग भाजलेली होती, वर हळद, वर बेडगी तिखट, म्हणजे चकली तेलात जायच्या आधीच अर्धी लाल. मोठ्या आचेवर तीन मिनिटांत मस्त रंग यायचा आणि मी काढायचो. पण तेलात फेस येतो तो पिठातल्या पाण्याची वाफ असते. फेस जोरात चाललाय म्हणजे पाणी अजून आत आहे. बाहेरचं कवच कडक झालेलं असतं म्हणून गरम असताना कुरकुरीत लागते, आणि मग रात्रभरात आतलं पाणी हळूहळू त्या कवचात येतं. सकाळी चामडं.

पटलं, पण मी माणूस संशयी, म्हणून काल एकाच पिठाचे तीन घाणे काढले. पहिला जुन्या सवयीने, मोठी आच, तीन मिनिटं, रंग आला की बाहेर. दुसऱ्याला तेल चांगलं तापवलं, पिठाची गोळी टाकली की ती लगेच न करपता बुडबुडे घेत वर येईल एवढं, चकल्या सोडल्या, मिनिटभर हात लावला नाही आणि मग आच मध्यमपेक्षा थोडी खाली. एकदा उलटल्या. सात मिनिटं लागली. शेवटी शेवटी फेस बसत जातो आणि आवाज पण बदलतो, आधी चर्र असतो तो नुसता बारीक टिकटिक होत थांबतो. तिसरा घाणा सुरुवातीपासून मंद आचेवर, तब्बल बारा मिनिटं.

तिन्हीतली एकेक चकली गार झाल्यावर मोडून बघितली. पहिलीच्या आत मधोमध ओलसर पिठाची गडद रेघ, नखाने दाबली तर दबते. दुसरीला नळी! खरी पोकळ नळी, आतून सगळीकडे एकसारखा कोरडा रंग. चार खेपांत पहिल्यांदा नळी बघितली मी, बायकोला बोलावून दाखवली, तिला फार काही वाटलं नाही. तिसरी कोरडी होती पण तेलकट, टिश्यूवर मोठा डाग, आणि दाताला जरा दगडी. सकाळी पहिल्या घाण्याची मऊ, बाकी दोन्ही कुरकुरीत. त्यामुळे मंद आच सेफ वाटत असेल तरी तिथे जाऊ नका, तेल पितात.

अजून एक केलं. दुसऱ्याच घाण्यातल्या दोन चकल्या मुद्दाम गरम गरम छोट्या डब्यात घालून झाकण लावलं, बाकीच्या चाळणीत पसरून तासभर गार केल्या आणि मग भरल्या. गरम भरलेल्या डब्याच्या झाकणाला रात्रीच आतून थेंब दिसत होते आणि सकाळी त्या दोघी मऊ. म्हणजे चकली बरोबर तळलेली असली तरी घाईत भरली की गेली. ताटात कागदावर एकावर एक रचायच्या सुद्धा नाहीत, खालच्या वाफ खातात. चाळण किंवा जाळीच बरी.

एका वेळी कढईत किती हा प्रश्न पण बऱ्याच जणांचा होता. माझ्या मध्यम कढईत चार. पहिल्या खेपेला सात घातल्या होत्या, तेल एकदम थंड पडलं होतं. चकल्या पाडून घ्यायला बटर पेपरचे चौकोनी तुकडे कापून ठेवा, एका तुकड्यावर एक चकली, शेवटचं टोक बोटाने चिकटवायचं नाहीतर तेलात उलगडते. आणि सगळी उकड एकदम मळू नका, दोन सोरे भरतील एवढीच मळा, बाकी ओल्या फडक्याखाली.

ज्यांच्या ऑलरेडी मऊ पडल्यात त्यांनी फेकू नका. मी तिसऱ्या खेपेच्या उरलेल्या मध्यम तेलात परत सोडल्या आणि परत फेस आला! आधीच तळून झालेल्या चकलीला फेस, म्हणजे पाणी आतच होतं याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. दोनेक मिनिटांत फेस बसला, काढल्या, गार केल्या, कुरकुरीत. रंग थोडा जास्त गडद झाला आणि तीळ जरा कडवट लागतात, पण घरच्यांना चालतंय. मग उगाच गंमत म्हणून दुसऱ्या घाण्याची चांगली चकली तेलात टाकून बघितली, तिला जेमतेम चार बुडबुडे.

आता रविवारी बटर चकली करणार असं मागे जाहीर केलं होतं, तांदळाचं पीठ, डाळवं वगैरे आणून पण ठेवलंय. पण हे परत तळायचं बघून डोक्यात वेगळंच शिरलंय. पहिल्या दिवशी मुद्दाम फेस अर्धा बसेपर्यंतच तळायच्या, फिकट असतानाच काढायच्या, गार करायच्या, आणि पाहुणे यायच्या आधी दुसऱ्यांदा दोन मिनिटं. तीळ कडवट होऊ नयेत म्हणून पहिल्यांदा रंग अजिबात येऊ द्यायचा नाही, म्हणजे बेडगी तिखट अर्धं करावं लागेल, आणि भाजणी पण कमी भाजलेली हवी, ती तर दळून झालीय चार किलोची. थांबा, तांदळाच्या पिठाची चकली आपोआपच फिकट असते की. मग बटर चकलीच दोनदा तळतो. डाळव्याचं पीठ चाळून ठेवतो आजच.