राजगडच्या लेखाची छाटणी: 1500 शब्दांवरून 1200

मंडळी, मागे ठरवलेलं की जुना ट्रेकचा लेख एक पंचमांश छोटा करायचा, पण माहिती एकही गाळायची नाही. झालं एकदाचं, आता 1200 च्या जरा खाली आलाय.

सगळ्यात जास्त चरबी सुरुवातीच्या वर्णनात निघाली. हे मूळ वाक्य बघा, 26 शब्द:

"सकाळच्या वेळी साधारणपणे सहाच्या सुमारास आम्ही सर्वजण गुंजवणे या गावातून राजगड किल्ल्यावर चढाई करण्यास सुरुवात केली आणि त्यानंतर मग चोर दरवाज्याच्या मार्गाने पद्मावती माचीवर जाऊन पोहोचलो."

आता 15:

"सकाळी सहाच्या सुमारास आम्ही गुंजवण्यातून राजगड चढायला सुरुवात केली आणि चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर पोहोचलो."

साधारणपणे आणि सुमारास एकच काम करतात म्हणून एक उडवला, पण दोन्ही उडवले असते तर बरोब्बर सहा वाजता निघालो असा अर्थ झाला असता, म्हणून सुमारास ठेवला. "सर्वजण" वर बराच वेळ अडलो, कारण पुढे दोघं माचीवरच थांबले असं येतं, मग वाटलं इथे लागेल का, पण तिथे "दोघं थांबले" लिहिलंच आहे त्यामुळे इथला गेला.

बाकी फाईंडमध्ये "या ठिकाणी", "च्या माध्यमातून", "करण्यात आल", "च्या दृष्टीने" टाकून एकेक शोधलं (पेपर वाचून वाचून ही सवय लागते बहुतेक). "या ठिकाणी" चं नुसतं "इथे" केलं, आणि जागेचं नाव आधीच्याच वाक्यात असेल तर तेही काढलं.

टाईप करताना दोनदा पडलेल्या शब्दांसाठी रेगेक्स वापरला. नेहमीचा \w वाला देवनागरीत नीट चालत नाही, बऱ्याच ठिकाणी तो काना-मात्रा अक्षर म्हणून धरतच नाही आणि शब्द मधेच तुटतो. म्हणून हा:

```
(^|\s)(\S+)\s+\2(?=[\s.,]|$)
```

फक्त रिप्लेस ऑल दाबू नका!! "आहे आहे" सापडतं तसंच "दोन दोन" पण सापडतं, आणि माझ्याकडे वाक्य होतं "अवघड टप्प्यावर दोन दोन जण उतरले". एक दोन काढला की सगळ्या ग्रुपमधले दोघंच उतरले असं होतं. "हळू हळू" चं पण तेच, तो ठेवायचाच. उलट "परत पुन्हा" किंवा "फक्त केवळ" याला सापडतच नाही कारण शब्द वेगळे आहेत, ते मोठ्याने वाचतानाच खटकतात.

रस्ता आणि पाण्याच्या टाक्यांच्या परिच्छेदात मात्र जेमतेम पाच-सहा शब्द निघाले. तिथे आणखी ओढलं असतं तर कुठल्या टाक्याचं पाणी पिण्यासारखं आहे तेच गेलं असतं, त्यामुळे पंचमांशाचा हिशोब सगळ्या लेखाचा धरलाय, प्रत्येक परिच्छेदाचा नाही. आता संजीवनी माचीचा भाग घेतोय, त्यात "असं म्हणायला हरकत नाही" तीनदा आलंय आत्ताच दिसलं.