अण्णांची जागा

प्रस्थानाच्या आदल्या रात्री आळंदीत अण्णांनी वीणा उतरवली. आधी कुणाला काही बोलले नव्हते, मलाही नाही. हरिपाठ झाला, दिंडीतली मंडळी उठायला लागली तेव्हा त्यांनी एका तरुण टाळकऱ्याला पुढं बोलावलं, आपल्या गळ्यातून काढून सरळ त्याच्या गळ्यात घातली. मधे ती कुठं टेकली नाही. दोघं एकमेकांच्या पाया पडले. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, अण्णांच्या नाही.

मी रात्री विचारलं तर म्हणाले, "सूर लागला का, हे मला माघवारीला दुसऱ्याला विचारावं लागलं. तवाच ठरवलं."

अण्णांचं वय ७८. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून गेली. पत्र्यावर घण पडत असायचे त्या शेडमध्ये, त्यात डावा कान गेला. उजव्या कानानं ऐकू येतं, पण एका बाजूनं.

दुसऱ्या दिवशी चालायला सुरुवात झाली तेव्हा नव्या विणेकऱ्याची इच्छा होती की अण्णांनी त्याच्या शेजारून चालावं. अण्णा सरळ टाळकऱ्यांच्या रांगेत गेले आणि डाव्या टोकाला उभे राहिले. एकाला वाटलं, म्हातारा माणूस, रस्त्याच्या कडेनं चालायला बरं पडतं. मला कारण ठाऊक होतं. डाव्या टोकाला राहिलं की उजवा कान मृदंगाकडं येतो. ठेका चुकायचा नाही. सगळी वाट त्यांनी ती जागा सोडली नाही. मी मागं तुळशीवाल्यांत. पताका, टाळकरी, मृदंग, वीणा या सगळ्यांच्या पलीकडं डाव्या अंगाला त्यांची पाठ शोधायची मला सवयच लागली.

दिवे घाट, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं झालं. त्यातलं कुठलं कधी ते आता नीट लागत नाही. पहाटेची राहुटीतली धावपळ, अंघोळीच्या टँकरपाशी बायकांची भांडणं, ओली लुगडी, ट्रकमध्ये वळकट्या टाकायची घाई. माझी चिडचिड व्हायची. आमच्या तंबूतल्या एक मावशी रात्रभर खोकायच्या आणि पहाटे तीनला मोठ्यानं भूपाळी धरायच्या. त्याच मावशींचा आवाज काकड्याला लागला की अंगावर काटा यायचा.

फलटण ते बरड या दिवसाचं मात्र सगळं आठवतं. सकाळी पाऊस झाला, पाय भिजले, आणि विडणी सोडल्यावर ऊन असं पडलं की काँक्रीट तापलं. पालखीमार्ग रुंद झाला तशी वडाची जुनी झाडं गेली. अण्णा चालता चालता रिकाम्या कडेकडं बोट करत होते, "हितं सावली होती. हितं आम्ही भाकरी सोडायचो." माझ्या टाचेला फोड आला होता आणि दर पावलाला कळ डोक्यात जात होती. टाळांचा आवाजसुद्धा नकोसा झाला. पिंप्रदच्या अलीकडं मी रांगेतून बाहेर पडून रस्त्याकडेला बसले.

तेवढ्यात दोन कॅमेरेवाले अण्णांच्या पुढं उलटं चालत आले. "आजोबा, जरा थांबा. घाम पुसा ना. थोडं थकल्यासारखं बघा इकडं."

अण्णा चालतच राहिले. अभंग संपला, तेव्हा त्यांच्याकडं वळून नीट, न चिडता म्हणाले, "थकलो न्हाई. थकलो की बसतो. तवा या." आणि पुन्हा टाळ धरला. माझ्या पोटात उगाच हुंदका दाटून आला. त्या पोरांनी कॅमेरा खाली घेतला.

जेवणाच्या विसाव्याला दिंडी थांबल्यावर ते मागं आले, मला हाताला धरून एका घराच्या पडवीत घेऊन गेले. घरातल्या बाईंनी काही विचारलं नाही. "माउली, बसा" म्हणून पितळी घंगाळात कोमट पाणी आणलं, त्यात मूठभर मीठ टाकलं. अण्णांना खुर्ची दिली. त्या उभ्या आहेत म्हणून अण्णा बसेनात. शेवटी बाई उंबऱ्यावर टेकल्या तेव्हा ते बसले, तेही जमिनीवर, माझ्या पायाशी.

टोपीच्या घडीत त्यांची सुई असते, भोवती पांढरा दोरा गुंडाळलेला. बाईंच्या गॅसवर सुई लाल होईस्तोवर धरली, गार होऊ दिली. चष्मा कपाळावर ढकलला, कारण जवळचं त्यांना बिनचष्म्याचं दिसतं. फोडाच्या खालच्या कडेनं सुई घातली, दुसरीकडून काढली, आणि दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूंना बोटभर शेपूट सोडून कापला. पाणी दोऱ्यावरून हळूहळू पाझरायला लागलं. "वरचं कातडं काढायचं न्हाई. त्येच औषध. सकाळी दोरा वढायचा. लाल झालं, ठणकायला लागलं, तर दवाखान्याच्या गाडीवर जायाचं, माझ्याकडं न्हाई." पत्र्यावरचे घण झेललेले ते हात, एका बोटाचं नख वर्कशॉपमध्येच गेलेलं, पण सुई धरल्यावर जरासुद्धा हलले नाहीत.

मी म्हटलं, "अण्णा, बरडपर्यंत ट्रकमध्ये बसू या की दोघंही."

"तू बस. त्यात काय कमीपणा न्हाई. मी रांगेत हाय."

मला राग आला. घरी सगळ्यांनी मला बजावून पाठवलं होतं, त्यांच्याकडं लक्ष दे. "तुमचं वय काय अण्णा!" म्हणून मी जरा मोठ्यानंच बोलले. त्यांनी उजवा कान माझ्याकडं केला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "वीणा कवा सोडायची ते मला कळलं. रांग कवा सोडायची तेबी कळंल."

यावर मी काय बोलणार?

अंगणातला नळ सारखा ठिबकत होता. अण्णांचं लक्ष आल्यापासून तिकडं. बाईंना सायकलची जुनी ट्यूब मागितली, कात्रीनं तिची वाटोळी चकती कापली, मुख्य पाणी बंद करून नळाचा माथा पान्ह्यानं उघडला, झिजलेला वायसर काढून ती बसवली. "आठ-पंधरा दिस चालंल. बाजारातनं नवा आणा, अर्ध्या इंची म्हणायचं." बाईंनी आम्हाला ताक दिलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. तुतारी झाली तसे उठून रांगेत गेले.

मी ट्रकमध्ये बसले नाही. लंगडत, त्यांच्या पाठीकडं बघत बरडला पोचले. समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला, सगळे टाळ एकदम थांबले, आणि त्या शांततेत मला पायाची कळसुद्धा आठवली नाही.

पुढची गोल रिंगणं, वेळापूरचा धावा, वाखरी. भिशीचा, म्हणजे दिंडीतल्या खर्चाच्या वर्गणीचा, हिशोब वाखरीत झाला तेव्हा दिंडीप्रमुखांनी ज्येष्ठांना निम्मीच भिशी घ्यायचं काढलं. अण्णांनी पूर्ण पैसे मोजून ठेवले आणि पावती मागितली. एकादशीला चंद्रभागेचं स्नान झालं, कळसाला हात जोडले. दर्शनबारीत ते उभे राहत नाहीत, कधीच राहिले नाहीत.

मला द्वादशीला निघायचं होतं, नोकरी. गाडी बोलावते, दोघं जाऊ, असं म्हटलं तर त्यांनी मानच हलवली. पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला झाल्याशिवाय वारी पुरी होत नाही. मला सोडायला स्टँडवर आले. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, तरी परतीच्या गाडीची वेळ त्यांनी खिडकीवर दोनदा विचारून वहीत लिहून घेतली. माझी गाडी लागली, ड्रायव्हरनं गिअर टाकला, तसा अण्णांनी उजवा कान इंजिनाकडं केला.

"पोरी," खिडकीखालून म्हणाले, "क्लच प्लेट गेलीय हिची. ड्रायव्हरला म्हणावं, टेंभुर्णीला दाखवून घे."